वॉलेटमधून द्यायचे की थेट बँकेतून? लिमिट, चार्जेस आणि अडकलेले पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या डिजिटल पेमेंटच्या तक्रारी बघायचं काम मी बरीच वर्षं केलं, त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतले लोक, जुने कस्टमर अजूनही स्क्रीनशॉट पाठवून विचारत असतात. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून इथे एकत्र केलेत. 'थेट बँकेतून' म्हणजे रोजच्या वापरात मुख्यतः यूपीआय, तेच धरून लिहिलंय, आयएमपीएस आणि एनईएफटी गरज पडेल तिथे येतील. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत त्यामुळे कुठे कुठे 'अमुक प्रश्न बघा' असं दिसेल.

१. वॉलेट आणि यूपीआय यात फरक काय? दोन्ही फोनवरूनच तर होतं.

फरक एवढाच की पैसे दिले त्या क्षणी ते कुठे होते. यूपीआयमध्ये पैसे तुमच्या बचत खात्यातच असतात, अ‍ॅप फक्त बँकेला निरोप देतं की इतके कापा आणि समोरच्याच्या खात्यात टाका. वॉलेटमध्ये तुम्ही आधी पैसे भरून ठेवता, म्हणजे ते बँकेतून निघून वॉलेट कंपनीकडे गेलेले असतात आणि मग तिथून थोडे थोडे खर्च होतात. गोंधळ होतो कारण एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही असतं. लोक सांगतात 'अमुक अ‍ॅपने दिले', पण अ‍ॅपच्या नावावरून काहीच कळत नाही. पेमेंटची पावती उघडा, तिथे पैसे कुठून गेले ते लिहिलेलं असतं, बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे असतील तर थेट बँकेतून, वॉलेट लिहिलं असेल तर वॉलेटमधून. खालची जवळपास सगळी उत्तरं या एका ओळीवर ठरतात, त्यामुळे मला स्क्रीनशॉट पाठवताना ती ओळ कापू नका.

आणखी एक, बचत खात्यातल्या पैशावर थोडं का होईना व्याज मिळतं, वॉलेटमधल्या पैशावर मिळत नाही. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधल्या शिलकीला तसा नाही. कंपनीला ते पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे मनाला येईल तसे वापरता येत नाहीत, पण म्हणून ती ठेव होत नाही.

२. वॉलेटमध्ये जास्तीत जास्त किती ठेवता येतात? माझं १०,००० च्या वर जातच नाही.

तुमची केवायसी अर्धवट आहे. नुसता मोबाईल नंबर, ओटीपी आणि एखाद्या ओळखपत्राचा नंबर देऊन उघडलेलं वॉलेट असेल तर शिल्लक कधीही १०,००० च्या वर जाऊ शकत नाही, महिन्यात १०,००० आणि वर्षात १,२०,००० यापेक्षा जास्त भरताही येत नाहीत. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अ‍ॅपवर चिडून उपयोग नाही. आणि अशा वॉलेटमधून फक्त खरेदी करता येते, बिल भरता येतं, भावाच्या खात्यात पैसे पाठवता येत नाहीत. हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतं.

पूर्ण केवायसी केली की शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते, दुसऱ्याला पाठवताही येतात. ज्याला पाठवायचे त्याची आधी नोंदणी केली असेल तर त्या एका माणसाला महिन्याला २ लाखांपर्यंत, नोंदणी नसेल तर १०,००० पर्यंत. कंपनी स्वतःची लिमिट यापेक्षा कमी ठेवू शकते, जास्त नाही.

३. आणि यूपीआयची लिमिट?

साधारण एका दिवसाला १ लाख. शाळा-कॉलेजची फी, हॉस्पिटलचं बिल, इन्कम टॅक्स अशा ठराविक ठिकाणी एका वेळी ५ लाखांपर्यंत जातं, पण माणसाने माणसाला पाठवायचे असतील तर १ लाखच. तुमची बँक यापेक्षा कमी लिमिट ठेवू शकते आणि सहकारी बँकांमध्ये ती कमी असलेली मी पाहिली आहे, त्यामुळे शेजाऱ्याचं जातं आणि माझं का जात नाही याचं उत्तर बहुतेक वेळा बँकेत असतं. दिवसाला किती वेळा पाठवायचे यावरही बऱ्याच बँकांनी २० व्यवहारांची मर्यादा ठेवलेली आहे.

लिमिट खात्याला असते, अ‍ॅपला नाही. एका अ‍ॅपवर संपली म्हणून दुसरं अ‍ॅप टाकून त्याच खात्यातून पाठवायला गेलात तर तिथेही अडणार.

४. नवीन फोन घेतला आणि आता ५,००० च्या वर जात नाही. खातं ब्लॉक झालं का?

नाही हो. नवीन फोनवर यूपीआय रजिस्टर केलं की बहुतेक बँका पहिले २४ तास ५,००० च्या वर जाऊ देत नाहीत. कोणी तुमच्या सिमची डुप्लिकेट काढून स्वतःच्या फोनवर यूपीआय चालू केलं तर एका झटक्यात खातं रिकामं होऊ नये म्हणून ही सोय आहे. फोन बदलायचा असेल आणि दुसऱ्या दिवशी कोणाला मोठी रक्कम द्यायची असेल तर ती आधी देऊन टाका. अगदीच अडलं तर नेटबँकिंगमधून आयएमपीएस किंवा एनईएफटी करता येतं, फक्त ज्याला पाठवायचे त्याचं खातं नव्याने अ‍ॅड केल्यावर तिथेही काही तास थांबावं लागू शकतं.

५. चार्जेस कशात लागतात?

बँक खात्यातून यूपीआय करायला तुम्हाला काही लागत नाही आणि घेणाऱ्या दुकानदारालाही १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्याबद्दल दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीही फुकट आहे. आयएमपीएसला काही बँका रकमेप्रमाणे थोडे रुपये आणि वर जीएसटी घेतात. रिचार्ज वगैरे करताना अ‍ॅप एखाद-दोन रुपये 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून लावतं, ती अ‍ॅपची स्वतःची फी आहे, यूपीआयची नाही, तोच रिचार्ज मोबाईल कंपनीच्या अ‍ॅपवरून केलात तर बऱ्याचदा वाचते.

वॉलेटमध्ये चार्जेस दोन टोकांना लपलेले असतात. भरताना: यूपीआयने भरलं तर सहसा काही नाही, पण क्रेडिट कार्डाने भरलं तर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५,००० भरायला शंभराच्या वर जातात. आणि काढताना: वॉलेटमधून परत बँकेत घ्यायचे म्हटलं की काही कंपन्या टक्केवारीत पैसे कापतात. मधला खर्च करताना काही लागत नाही म्हणून लोकांना वॉलेट फुकट वाटतं, पण कॅशबॅकच्या मोहात क्रेडिट कार्डाने भरून नंतर बँकेत काढणाऱ्याला दोन्हीकडे कात्री लागते. कन्फर्म दाबण्याआधी शेवटच्या स्क्रीनवरची एकूण रक्कम वाचा.

६. दुकानदार म्हणतो वॉलेटमधून नको, बँकेतून द्या. त्याला कसं कळतं आणि त्याचं काय जातं?

पूर्ण केवायसी असलेलं वॉलेट आता यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे कुठलाही यूपीआय क्यूआर स्कॅन करून वॉलेटमधून पैसे देता येतात. पण १ एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून यूपीआयवर २,००० च्या वरचं पेमेंट दुकानात केलं तर दुकानदाराच्या बाजूने जास्तीत जास्त १.१ टक्का इंटरचेंज नावाचं शुल्क लागतं. तुमच्याकडून ते घ्यायचं नाही. ३,००० च्या बिलावर ३३ रुपयांपर्यंत जाऊ शकतात, ज्याचं मार्जिनच दोन-तीन टक्के आहे त्याला ते टोचणारच, आणि हे नंतर हिशोबात दिसतं म्हणून तो आधीच सांगतो. एकदम छोट्या दुकानदारांच्या क्यूआरला आणि माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशाला हे लागू नाही. २,००० च्या आतल्या बिलालाही नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी कोणी नको म्हणत असेल तर त्याला बहुतेक माहिती नसते, प्रेमाने सांगा.

७. पैसे कटले, मेसेज आला, पण दुकानदाराला गेले नाहीत. आता?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धरा शुक्रवारी संध्याकाळी किराण्याचं बिल १,८४० झालं, तुम्ही स्कॅन केलं, पिन टाकला, बँकेचा मेसेज आला की कटले, पण दुकानातला साउंडबॉक्स गप्प आणि स्क्रीनवर 'प्रोसेसिंग'. आत काय झालं तर तुमच्या बँकेने पैसे कापले, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत निरोप दुकानदाराच्या बँकेला गेला आणि तिकडून वेळेत उत्तर आलं नाही. पैसे जमा झाले की नाही हेच कोणाला नक्की माहिती नाही, म्हणून व्यवहार 'पेंडिंग'. नंतर बँका आपसात हिशोब जुळवतात तेव्हा ठरतं की पैसे पुढे ढकलायचे की मागे.

दुकानात उभे असताना पावती उघडून १२ आकडी यूटीआर नंबर दिसतो तो स्क्रीनशॉटमध्ये घ्या, दुकानदाराला दाखवा आणि त्याचा फोन नंबर घ्या. नंतर रोख द्या. नंबर का घ्यायचा? कारण हे पैसे नेहमी तुमच्याकडेच परत येतात असं नाही, कधी कधी दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानदाराला जमा होतात, म्हणजे त्याला रोखही मिळाली आणि ऑनलाइनही, आणि मग ते परत त्याच्याकडूनच घ्यावे लागतात. ओळखीचा असेल तर प्रश्न नाही, प्रवासात हायवेवरच्या पंपावर असं झालं तर फार जड जातं.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानाला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये असं अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. कॅलेंडरचे दिवस धरायचे, रविवारही मोजायचा. म्हणजे शुक्रवारचं बुधवारपर्यंत. तेच १,८४० तुम्ही शेजारच्या काकांच्या नंबरवर पाठवले असते आणि अडकले असते तर मुदत एकच दिवस, शनिवारपर्यंत. आयएमपीएसलाही एकच दिवस. बरेच टपरीवाले स्वतःच्या साध्या खात्याचा क्यूआर लावतात, तिथे दुकान असलं तरी व्यवहार माणसाला केलेला धरला जातो आणि एक दिवसाचा नियम लागतो.

८. वॉलेटमधून दिले आणि अडकले तर वेगळं असतं का?

हो, आणि कधी कधी सोपं असतं. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं वॉलेट एकाच कंपनीचं असेल तर पैसे कंपनीच्या बाहेर गेलेलेच नसतात, त्यामुळे मुदत एक दिवस आणि अनेकदा काही मिनिटांतच परत येतात. पण वॉलेटमधून यूपीआय क्यूआर स्कॅन केलात तर यूपीआयचेच नियम, म्हणजे प्रश्न ७ मधले.

अडकलेले पैसे वॉलेटमध्येच परत येतात, बँकेत नाही. लोक बँकेचं पासबुक तपासत बसतात आणि मला फोन करतात. एक चांगली गोष्ट म्हणजे परत आलेल्या पैशाने वॉलेट १०,००० च्या वर गेलं तरी कंपनीला ते जमा करावेच लागतात, 'तुमची लिमिट भरली' हे कारण चालत नाही.

आता तिसरा प्रकार, वॉलेट भरतानाच अडकणं. बँकेतून २,००० कटले आणि वॉलेटमध्ये दिसत नाहीत. हे बँकेच्या दृष्टीने एका व्यापाऱ्याला, म्हणजे वॉलेट कंपनीला केलेलं पेमेंट आहे, त्यामुळे पाच दिवसांची मुदत, आणि पैसे परत आले तर बँकेत येणार.

९. पेंडिंग असताना परत पेमेंट करू का?

त्याच माणसाला, तेवढीच रक्कम लगेच परत पाठवू नका. दोन्ही पोचलेल्या केसेस भरपूर पाहिल्यात आणि मग दुसरी रक्कम परत मिळवणं हे समोरच्याच्या मनावर असतं. स्टेटस सारखं सारखं तपासूनही काही होत नाही, ऑगस्ट २०२५ पासून अ‍ॅपना त्यावर मर्यादाच घातली आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, घाई असेल तर रोख द्या.

'पेंडिंग' ऐवजी सरळ 'फेल' आलं आणि पैसे कटलेच नाहीत तर मात्र बिनधास्त परत करा. कारण कोडमध्ये असतं: `Z9` म्हणजे खात्यात शिल्लक कमी, `ZM` म्हणजे पिन चुकला, `U30` म्हणजे तुमच्या बँकेकडून पैसे कापलेच गेले नाहीत, बहुधा बँकेचा सर्व्हर. `U30` परत परत येत असेल तर अ‍ॅप बदलू नका, दुसरं बँक खातं किंवा वॉलेट वापरा. माझ्या मते रोजच्या वापरासाठी वॉलेटचा खरा उपयोग इथेच आहे, बँकेचा सर्व्हर बंद असला तरी त्यात भरून ठेवलेले चारशे-पाचशे चालतात.

१०. उशीर झाला तर रोज १०० रुपये मिळतात म्हणे. खरं आहे?

खरं आहे. मुदत संपल्यावर जितके दिवस उशीर तितके १०० रुपये, आणि तुम्ही तक्रार केली नाही तरी बँकेने स्वतःहून द्यायला हवेत असं त्याच परिपत्रकात आहे. वरच्या उदाहरणात बुधवारची मुदत होती आणि पैसे रविवारी आले, तर गुरुवार ते रविवार चार दिवसांचे ४०० रुपये, रक्कम १,८४० असो की ४०. वॉलेटलाही हे लागू आहे.

स्वतःहून दिलेले मी पाहिलेत, आणि न दिलेलेही पाहिलेत. न मिळाल्यास बँकेला लेखी मेल करा, त्यात यूटीआर, व्यवहाराची तारीख, परत आल्याची तारीख आणि 'मुदतीनंतरच्या विलंबाची भरपाई' हे शब्द. फोनवर बोलून हे सुटत नाही. फक्त लक्षात ठेवा, पैसे उशिरा का होईना पण समोरच्याला पोचले आणि त्याने माल दिला, तर तो व्यवहार यशस्वी आहे, तिथे तुमच्या बाजूने परतावा अडकलेलाच नाही.

११. चुकीच्या नंबरवर गेले. हे पण परत येतील ना?

नाही, आपोआप येणार नाहीत. व्यवहार फेल झालेला नाही, तो व्यवस्थित पूर्ण झालाय, फक्त चुकीच्या माणसाकडे. त्यामुळे ना एक दिवसाचा नियम, ना १०० रुपये. लगेच अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार टाका आणि आपल्या बँकेला कळवा, बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती त्या खातेदाराला विचारते, पण त्याच्या संमतीशिवाय बँक स्वतःच्या अधिकारात त्याच्या खात्यातून कापत नाही. पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं खरं नाव स्क्रीनवर येतं, ते वाचायला दोन सेकंद लागतात. वॉलेटमध्येही तेच आहे.

हे चुकून गेलं त्याबद्दल. फसवणुकीने गेले असतील तर तिथे प्रश्न पूर्ण वेगळा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मिनिटांवर खेळ असतो.

१२. ऑर्डर कॅन्सल केली, दहा दिवस झाले, रिफंड नाही. रोजचे १०० मागू?

मागून मिळणार नाहीत. तुमचं पेमेंट यशस्वी झालं होतं, नंतर दुकानाने परत करायचं ठरवलं, याला रिफंड म्हणतात, तो दुकानाच्या पॉलिसीवर असतो. प्रश्न ७ मधली मुदत फक्त अर्धवट राहिलेल्या व्यवहाराला आहे. दुकान 'आम्ही पाठवले' म्हणत असेल तर त्यांच्याकडून रिफंडचा वेगळा संदर्भ नंबर मागा, मूळ यूटीआर नाही, आणि तो घेऊन बँकेत जा. नंबर देता येत नसेल तर त्यांनी पाठवलेलेच नाहीत असं समजा. बँकेतून दिलेल्या पैशाचा रिफंड जबरदस्तीने वॉलेटमध्ये टाकता येत नाही, ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत यायला हवेत.

१३. तक्रार नेमकी कोणाकडे करायची? अ‍ॅप म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते अ‍ॅपला.

पहिली तक्रार ज्या अ‍ॅपमधून पेमेंट केलं तिथे, त्या व्यवहारावर टॅप करून, म्हणजे ती थेट योग्य नोंदीला जोडली जाते. तिकीट नंबर जपून ठेवा. दोन-तीन दिवसांत हललं नाही तर पैसे जिथून कटले त्यांना लेखी: बँकेतून कटले तर तुमच्या बँकेला, वॉलेटमधून कटले तर वॉलेट कंपनीला. दुकानदाराच्या बँकेत तुम्ही जाऊन उपयोग नाही, ते तुमच्याशी बोलणार नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर फुकट तक्रार करता येते, वॉलेट कंपन्याही त्यात येतात. तिथे पहिला प्रश्न हाच असतो की आधी कंपनीला लेखी कळवलं होतं का, म्हणून ते मेल डिलीट करू नका.

१४. वॉलेट वर्षभर वापरलं नाही, आतले ७०० रुपये गेले का?

गेले नाहीत. वर्षभर काही व्यवहार नसेल तर वॉलेट निष्क्रिय होतं, ओळख परत पटवून चालू करता येतं. मुदत संपणार असेल तर कंपनीने आधी कळवायला हवं. नको असेल तर वॉलेट बंद करून शिल्लक स्वतःच्या बँक खात्यात मागता येते, अर्धवट केवायसीच्या वॉलेटलाही ही सोय आहे, फक्त 'ट्रान्सफर'मध्ये शोधू नका, 'क्लोज वॉलेट'मध्ये असते.

कंपनीवरच निर्बंध आले तर काय, हेही लोक विचारतात, विशेषतः ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणल्यापासून. तेव्हा १५ मार्च २०२४ नंतर नवीन पैसे भरता येणं बंद झालं, पण आधीची शिल्लक संपेपर्यंत वापरता येत होती. तरी त्या दिवसांत लोकांची जी धावपळ झाली ती बघून मी वॉलेटमध्ये हजाराच्या वर ठेवत नाही.

१५. यूपीआय लाइट हे वॉलेट आहे की बँक?

मधलं आहे. बँक खात्यातून थोडे पैसे बाजूला काढून लाइटमध्ये ठेवायचे, जास्तीत जास्त ५,०००, आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता द्यायचे. चहा, भाजी, रिक्षा यासाठी मला हे वॉलेटपेक्षा बरं वाटतं कारण परत बँकेत घ्यायला चार्ज नाही आणि पासबुकात दहा-दहा रुपयांच्या ओळींची रांग लागत नाही, फक्त भरल्याची एक नोंद येते. पण त्यामुळेच लाइटमधून दिलेले वीस रुपये पासबुकात शोधू नका, ते अ‍ॅपमध्ये लाइटच्या हिस्टरीतच दिसतील.

पिन नाही म्हणजे फोन उघडा ज्याच्या हातात पडला त्याला ते खर्च करता येतात, म्हणून फोनला लॉक हवंच. आणि लाइटची शिल्लक त्या फोनला बांधलेली असते. फोन विकायच्या, बदलायच्या किंवा फॉरमॅट करायच्या आधी लाइट बंद करा, शिल्लक खात्यात परत येते. फॉरमॅट केल्यावर आठवलं तर मग बँकेकडे अर्ज, वाट बघणं, सगळंच आलं.